लेबल वाचता येतंय का, आधी ते बघा

«ताई, एका बॉडी लोशनची २० सेकंदांची अ‍ॅड करायला घेतलीये, सगळी एआयवर. टेक्स्ट-टू-व्हिडिओने सीन इतके सुंदर येतात की बघत राहावं, पण बाटलीवरचं नाव दर वेळी वेगळंच. लेबल मराठीत आहे त्यामुळे तर अक्षरांचं पार कडबोळं होतं. मित्र म्हणाला इमेज-टू-व्हिडिओ वापर, प्रश्नच मिटला. तेही केलं, पहिला सेकंदभर लेबल बरोबर आणि मग अक्षरं वितळायला लागतात. क्लायंटचं म्हणणं एकच, पॅकिंग आणि लोगो जसाच्या तसा पाहिजे. नक्की कुठला रस्ता धरू? – लेबलापुढे हात टेकलेली»

तुमच्या मित्राचं निम्मं बरोबर आहे. बाटली ज्या शॉटमध्ये दिसते तिथे इमेज-टू-व्हिडिओच घ्या, पण त्यातून बाहेर आलेल्या अक्षरांवर विसंबू नका, ती अक्षरं खऱ्या फोटोतून परत वर बसवायची. आणि ज्या शॉटमध्ये बाटली नाहीच तिथे टेक्स्ट-टू-व्हिडिओ खुशाल वापरा. म्हणजे अख्ख्या अ‍ॅडसाठी एकच रस्ता निवडायची गरज नाहीये, प्रत्येक शॉटला एकच प्रश्न विचारा, की इथे लेबल वाचता येतंय का? येत असेल तर ते लेबल मॉडेलने काढलेलं चालणार नाही.

हे असं का होतं ते एकदा नीट कळलं ना की मग प्रॉम्प्ट बदलत रात्र घालवावी लागत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. टेक्स्ट-टू-व्हिडिओला तुमची बाटली माहीतच नसते, तुम्ही "पांढरी पंपवाली बाटली, हिरवं लेबल" लिहिता आणि ते त्याने आजवर बघितलेल्या हजारो बाटल्यांवरून एक शोभेलशी बाटली काढतं, लेबलावर अक्षरांसारखं काहीतरी काढतं. प्रॉम्प्टमध्ये नाव अवतरण चिन्हात लिहा, दहा वेळा लिहा, एखाद्या वेळी नाव बरोबर येईलही पण तुमचा फॉन्ट, तुमच्या लोगोचा तो विशिष्ट बाक, तो कुठून येणार? त्याला तो कधी दाखवलेलाच नाही.

इमेज-टू-व्हिडिओमध्ये फोटो दिलेला असतो मग तिथे अक्षरं का वितळतात, हा खरा प्रश्न. तर हे मॉडेल तुमचा फोटो आहे तसा पुढे हलवत नाही. आधी तो दाबून एका छोट्या रूपात नेतं, तिथे सगळं काम करतं आणि शेवटी त्यातून परत चित्र उभं करतं. वान २.१ किंवा हुन्युआन व्हिडिओसारख्या खुल्या मॉडेलांमध्ये हे दाबणं रुंदीला ८ पट, उंचीला ८ पट आणि वेळेत ४ पट असतं. म्हणजे १२८० बाय ७२० ची फ्रेम आत जाऊन १६० बाय ९० खणांची होते, आणि वानची ८१ फ्रेमची क्लिप (सेकंदाला १६ फ्रेम, म्हणजे साधारण ५ सेकंद) आतमध्ये फक्त २१ टप्प्यांची असते. एका खणात रंगाच्या एका ठिपक्यापेक्षा बरीच जास्त माहिती मावते हे खरं, पण बारीक अक्षरांना ती पुरत नाही.

आता तुमची बाटली धरा. समजा ती १८ सेंटिमीटर उंच आहे आणि फ्रेमच्या निम्म्या उंचीची दिसतेय, म्हणजे ३६० पिक्सेल. एका सेंटिमीटरला २० पिक्सेल आले. ब्रँडचं नाव १ सेंटिमीटर उंच असेल तर ते २० पिक्सेलचं, आत गेल्यावर अडीच खण. खाली "२५० मिली" ३ मिलिमीटरचं असेल तर ते ६ पिक्सेल, एक खणसुद्धा पूर्ण नाही! आणि मराठी अक्षराचा तर सगळा जीव शिरोरेघेत, वेलांटीत, मात्रेत. ती वेलांटीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असेल तर ती १ पिक्सेल झाली. एवढ्यातून परत चित्र उभं करताना मॉडेल अंदाज बांधतं, आणि पुढच्या फ्रेममध्ये प्रकाश थोडा हलला की अंदाज बदलतो. तुम्हाला जे वितळणं दिसतंय ते हेच. पहिली फ्रेमसुद्धा याच चक्कीतून जाते, त्यामुळे तिच्यातली बारीक अक्षरंही मूळ फोटोइतकी धारदार नसतात, झूम करून बघा, दिसेल.

म्हणून "आणखी चांगलं मॉडेल घेऊ" हा उपाय अर्धवट आहे. फ्रेम मोठी घेतली, बाटली जवळून दाखवली तर मोठं नाव टिकतं, हे खरं, पण बारीक मजकूर आणि लोगोचा नेमका आकार यांची खात्री कुठलंच मॉडेल देत नाही. काही टूल्समध्ये वस्तूचे तीन-चार फोटो संदर्भ म्हणून देता येतात, त्याने बाटलीचा आकार आणि रंग छान सांभाळला जातो पण तेही "तिच्यासारखी" बाटली असते, तीच नव्हे. क्लायंटने जसाच्या तसा म्हटलंय ना, मग हा फरक मोठा आहे.

आता करायचं काय ते सांगते, तुमचा मुख्य शॉट घेऊन. बाटली टेबलावर उभी, मागे भिंतीवर पानांच्या सावल्या हलताहेत, ३-४ सेकंद.

आधी बाटलीचा खरा फोटो. मोबाइल चालेल पण स्टँडवर ठेवून, थोडं लांबून आणि २-३ पट झूमच्या लेन्सवर, कारण जवळून वाइड लेन्सने काढला की बाटलीचं डोकं मोठं आणि बूड लहान दिसतं आणि मग ती कुठल्याच बॅकग्राउंडवर बसत नाही. प्रकाश ज्या बाजूने सीनमध्ये येणारे त्याच बाजूने द्या. लेबलवर चमक पडून अक्षर पुसलं जात असेल तर दिवा बाजूला सरकवा किंवा त्याच्यापुढे पांढरा पातळ कापड धरा. क्लायंटकडून लेबलाची छपाईची मूळ फाइल पण मागून घ्या, पीडीएफ किंवा इलस्ट्रेटरच्या .ai फॉरमॅटमधली, पुढे उपयोगी पडते.

मग बाटली कापून घ्या आणि बॅकग्राउंडवर ठेवा. बॅकग्राउंड एआयने बनवलं तरी हरकत नाही, त्यावर काही वाचायचं नाहीये. पण बाटली-सकट अख्खी फ्रेम एआय इमेज टूलकडून बनवून घेऊ नका, बरेच जण नेमकं इथेच फसतात, फोटो देतात, "ही बाटली संगमरवरी टेबलावर ठेव" म्हणतात, आणि लेबल व्हिडिओ व्हायच्या आधीच बदललेलं असतं. बाटलीखालची सावली मात्र नीट काढा, टेबलाला टेकते तिथे गडद आणि पुढे पुसट होत जाणारी, नाहीतर ती तरंगल्यासारखी दिसते.

इथे दोन फाइल्स सेव्ह करायच्या, दोन्ही १९२० बाय १०८०. एक म्हणजे पूर्ण फ्रेम, बाटली आणि बॅकग्राउंड. दुसरी त्याच जागी, त्याच मापाची, फक्त बाटली आणि बाकी सगळं पारदर्शक, पीएनजीमध्ये. ही दुसरी फाइल म्हणजे तुमचा विमा.

पूर्ण फ्रेम इमेज-टू-व्हिडिओला द्या. फ्रेमचं प्रमाण टूलच्या प्रमाणाशी जुळतंय ना बघा, उभी रील हवी असेल तर फोटोच ९:१६ मध्ये बांधा, कारण प्रमाण जुळलं नाही की टूल स्वतःच कापाकापी करतं आणि मग तुमची दुसरी फाइल जागेवर बसत नाही. प्रॉम्प्टमध्ये बाटलीचं वर्णन करू नका, लेबलावर काय लिहिलंय ते तर अजिबात नको. ते फोटोत आहेच, तुम्ही पुन्हा सांगितलं की मॉडेल ते नव्याने काढायला बघतं. फक्त काय हलणार आणि काय नाही ते लिहा, आणि इंग्रजीत लिहिलेलं बरं पडतं:

```
static camera, locked tripod shot. soft leaf shadows
move slowly on the wall behind. the bottle stays
completely still.
```

चार-पाच वेळा चालवा. त्यातली सगळ्यात सुंदर क्लिप निवडायचा मोह होईल, पण तुम्हाला बाटली जिथे सगळ्यात कमी हलली ती क्लिप पाहिजे. हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिपवर पहिली पूर्ण फ्रेम ठेवा आणि तिचा ब्लेंड मोड डिफरन्स करा. जिथे काहीच बदललं नाही तिथे काळं दिसतं, जिथे बदललं तिथे उजळ. चालवून बघा, भिंतीवर पानं चमकतील ते ठीकच आहे, पण बाटलीच्या कडेला पांढरी बारीक रेघ उमटून जाड होत गेली तर समजा की बाटली सरकतेय. एकदोन पिक्सेलची फिकट रेघ चालते. त्याहून जाड असेल तर ती क्लिप सोडा, कारण वर खरी बाटली बसवल्यावर तिच्या मागून दुसरी बाटली डोकावते आणि ते फार वाईट दिसतं.

निवडलेल्या क्लिपवर आता ती पारदर्शक बाटली ठेवायची. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये वरच्या ट्रॅकवर टाकली की झालं, किंवा एफएफएमपेग वापरत असाल तर एका ओळीत होतं:

```
ffmpeg -i clip.mp4 -i pack.png -filter_complex "[0:v]scale=1920:1080[bg];[bg][1:v]overlay=0:0" final.mp4
```

बस, आता लेबलातलं प्रत्येक अक्षर तुमच्या फोटोतलं आहे, मॉडेलने त्याला हातही लावलेला नाही. मागची सावली, प्रकाश, हलणं सगळं एआयचं आणि बाटली खरी.

आता यात दोन गोष्टी खटकतील, त्यांची तयारी ठेवा. एक म्हणजे बाटली चिकटवल्यासारखी दिसते. कारण फोटो धारदार आणि मागचा व्हिडिओ थोडा मऊ असतो. बाटलीच्या कडेला १-२ पिक्सेलचा फेदर द्या आणि सगळं एकत्र झाल्यावर अख्ख्या शॉटवर एकसारखा हलका ग्रेन टाका, बराच फरक पडतो. दुसरं म्हणजे भिंतीवर सावल्या हलताहेत आणि बाटलीवर काहीच होत नाही, ते डोळ्याला बोचतं. त्यासाठी एक काळा-पांढरा सावल्यांचा वेगळा व्हिडिओ बनवा (हा टेक्स्ट-टू-व्हिडिओने मस्त होतो), तो बाटलीवर मल्टिप्लाय मोडमध्ये अगदी हलका ठेवा, १०-१५ टक्के. सावली लेबलावरून सरकते, अक्षर तसंच राहतं.

रंगाचंही सांगते. इमेज-टू-व्हिडिओत हळूहळू रंग चढतात, कॉन्ट्रास्ट वाढत जातो. वर खरी बाटली ठेवल्यावर मागचा रंग आणि बाटलीचा रंग जुळत नाही असं वाटेल, तेव्हा बॅकग्राउंड सुधारा, बाटलीला हात लावू नका. ब्रँडचा हिरवा आयड्रॉपरने मोजून ठेवा आणि शेवटच्या एक्स्पोर्टमध्ये परत मोजा.

कॅमेरा हळूच पुढे गेलेला हवा असेल तर तोही मॉडेलकडून नको. सगळं जोडून झाल्यावर एडिटमध्ये अख्खा शॉट १०० टक्क्यांवरून १०८ वर न्या. बाटली आणि भिंत एकत्र मोठी होतात, खऱ्या कॅमेऱ्यासारखी खोली येत नाही, पण ३ सेकंदांच्या शॉटमध्ये मला तर ते पुरेसं वाटतं. झूमनंतर अक्षरं मऊ पडू नयेत म्हणून बाटलीचा फोटो मूळ मोठ्या मापातच ठेवा आणि झूम तिथे लावा.

आता बाटली हलतेच असा शॉट असेल, उदाहरणार्थ कुणी ती उचलतंय, तर मामला अवघड होतो. त्यासाठी एक युक्ती आहे, सुरुवातीच्या फ्रेममध्येच लेबलावरची अक्षरं पुसून टाका, म्हणजे मॉडेलला वितळवायला काही राहत नाही, आणि नंतर प्लॅनर ट्रॅकिंगने खरं लेबल वर बसवा. आफ्टर इफेक्ट्सबरोबर मोका येतं, रिझॉल्व्हच्या फ्यूजनमध्येही प्लॅनर ट्रॅकर आहे. पण लेबल पूर्ण कोरं करू नका, मी पहिल्यांदा केलं तेव्हा ट्रॅकर दहा फ्रेममध्ये घसरला, कारण कोऱ्या पृष्ठभागावर त्याला पकडायला काही नव्हतं. लेबलाची किनार, रंगाचे पट्टे तसेच ठेवा, नसतील तर चार कोपऱ्यांत छोट्या फुल्या काढा, त्या नंतर खऱ्या लेबलाखाली झाकल्या जातात. क्लायंटकडची छपाईची फाइल इथे कामाला येते. बाटली गोल असेल तर लेबल त्या गोलाईप्रमाणे वाकवूनच बसवायचं, सपाट ठेवलं तर कडेची अक्षरं लगेच खोटी दिसतात. आणि बोटं लेबलाच्या पुढून जात असतील तर ती प्रत्येक फ्रेममध्ये मास्क करावी लागतात, त्यात दिवस जातो. खरं सांगू का, असा २ सेकंदांचा शॉट असेल तर खरी बाटली, खरा हात आणि मोबाइल घेऊन शूट करा, अर्ध्या तासात होईल.

बाटली गोल फिरवायचीये तर एआयचा नाद सोडाच. मॉडेलने मागची बाजू पाहिलेलीच नाही, ते तिथे मनाने काहीतरी लिहितं, आणि मागे तर घटक, इशारे, बारकोड असतो. पहिली आणि शेवटची फ्रेम दोन्ही देता येणारी टूल्स आहेत, दोन्ही खरे फोटो देऊन १५-२० अंशांचं वळण एखाद्या वेळी जमतं, पण मधल्या फ्रेममध्ये अक्षरं एकातून दुसऱ्यात विरघळल्यासारखी होतात. फिरत्या चकतीवर ठेवून खरं शूट केलेलं केव्हाही बरं.

तुमचे २० सेकंद मी असे वाटले असते. सुरुवातीचे कोरडी त्वचा, पाण्याचे थेंब, खिडकीतला प्रकाश असे दोन-तीन शॉट टेक्स्ट-टू-व्हिडिओने, तिथे तुम्हाला जे सुंदर सीन मिळताहेत ते सगळे वापरून घ्या. मग तळहातावर लोशन पडतं तो शॉट, तिथे बाटलीचा फक्त पंप दिसू द्या, लेबल फ्रेमच्या बाहेर, इमेज-टू-व्हिडिओने होऊन जातो आणि वर काही बसवायचीही गरज नाही, फक्त पंपाचा आकार आणि रंग फोटोशी ताडून बघा. एक शॉट लांबून, बाटली मागे आउट ऑफ फोकस, लेबल फोटोतच धूसर करून द्या म्हणजे वाचायचा प्रश्नच येत नाही. आणि शेवटचे दोन शॉट वर सांगितले तसे, खऱ्या बाटलीचे. अगदी शेवटी लोगो एकटा येतो ना, तो मूळ फाइलमधून थेट एडिटमध्ये ठेवा, त्याला एआयमधून फिरवायचं काही कारणच नाही.

क्लिप लांब करायची म्हणून शेवटची फ्रेम काढून तीच पुढच्या क्लिपची पहिली फ्रेम करतात, ते बाटलीच्या शॉटला करू नका. आधीच थोडं बिघडलेलं चित्र परत त्याच चक्कीत जातं आणि तिसऱ्या वेळेला बाटलीचं झाकणही बदललेलं असतं. प्रत्येक क्लिप मूळ फोटोपासून सुरू करा. आणि एआय अपस्केलर लावायचा असेल तर बाटली वर बसवायच्या आधी फक्त मागच्या क्लिपला लावा, कारण तोही अक्षरं "सुधारायला" जातो. मी एकदा सगळं जोडून झाल्यावर अपस्केल केलं आणि लेबलावरच्या एका जोडाक्षराचा खालचा पाय गायब झाला, ते मला नाही, क्लायंटला दिसलं, मोठ्या स्क्रीनवर, मीटिंगमध्ये. तेव्हापासून मी शेवटची फाइल फ्रेम फ्रेम सुटी करून बघते. आधी frames नावाचा फोल्डर बनवा आणि मग:

```
ffmpeg -i final.mp4 frames/%04d.png
```

सगळ्या शेकडो फ्रेम बघायची गरज नाही. लेबल दिसणाऱ्या प्रत्येक शॉटची पहिली, मधली आणि शेवटची फ्रेम उघडा, २०० टक्के झूम करा आणि शेजारी खरी बाटली हातात घेऊन मजकूर मोठ्याने वाचा, नाव, वजन-माप, छोटी ओळ, सगळं. मनातल्या मनात वाचलं की डोळा चुकलेलं अक्षरही बरोबर वाचून टाकतो. आणि क्लायंटला दाखवताना व्हिडिओच्या सोबत याच फ्रेम पाठवा, त्यावर त्यांच्याकडून "लेबल बरोबर आहे" असं लिहून घ्या, मगच बाकीच्या मापांचे एक्स्पोर्ट काढायला बसा.